निबंध तपासायचा कधी?

आठवी-नववीतल्या निबंधाच्या वह्या उघडल्या तर लाल शाईतले शेरे साधारण सारखेच सापडतात. ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या.’ ‘मुद्दे वाढवा.’ ‘अक्षर सुधारा.’ खाली दहापैकी साडेसहा, सही आणि तारीख. वही हातात पडली की मुलं आधी आपले गुण बघतात, मग शेजारच्याचे, आणि वही दप्तरात जाते. शेरा खोटा नसतो. तो लिहिण्यासाठी शिक्षकांनी सुट्टीची दुपार घालवलेली असते. पण ‘मुद्दे वाढवा’ हे ज्या निबंधाखाली लिहिलंय, त्यात आता एकही मुद्दा वाढणार नसतो. पुढचा निबंध वेगळ्या विषयावर असतो आणि तिथे कोणते मुद्दे, कुठे आणि कशासाठी वाढवायचे हे त्या दोन शब्दांतून कळत नाही.

अमेरिकेतल्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात याच शेऱ्यांचा अभ्यास मांडला आहे. ३५ कॉलेजशिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या लेखनावर काय काय लिहिलं ते त्यांनी तपासलं. बरेचसे शेरे इतके मोघम होते की एका निबंधावरचा उचलून दुसऱ्यावर ठेवला तरी चालून गेला असता. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. एकाच परिच्छेदात शिक्षक एखाद्या वाक्यातला शब्द दुरुस्त करायला सांगत होते आणि त्याच वेळी अख्खा परिच्छेद नव्याने विचार करून वाढवायलाही सांगत होते. जे वाक्य कदाचित उरणारच नाही, त्याचं व्याकरण आधी सुधारायचं की परिच्छेद आधी बदलायचा, हे विद्यार्थ्याला कळायला मार्ग नव्हता. सगळ्या चुका एकाच शाईत आणि एकाच वजनाच्या होत्या.

लेखन टप्प्याटप्प्याने शिकवण्याची पद्धत या अडचणीवर बोट ठेवते. शिक्षकाने दिलेला वेळ तोच असतो, लक्षही तेच असतं. पण ते निबंध संपल्यावर न देता तो घडत असताना दिलं, तर मूल त्याचं काहीतरी करू शकतं.

लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून

या पद्धतीची पाळंमुळं १९७०च्या दशकातल्या अमेरिकेत आहेत. तोवर लेखनाचा अभ्यास म्हणजे लिहून झालेल्या मजकुराचा अभ्यास होता. जॅनेट एमिग यांनी १९७१ साली बारावीच्या आठ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांना त्यांनी लिहिताना मनात चाललेलं मोठ्याने बोलायला सांगितलं होतं. पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं की आधी आराखडा करा, मग त्याबरहुकूम लिहा. मुलं तसं करत नव्हती. ती लिहिता लिहिता मागे जात होती, थांबत होती, आपल्याला काय म्हणायचंय हे त्यांना बरेचदा लिहिल्यावर कळत होतं.

त्याच सुमारास न्यू हॅम्पशायर विद्यापीठात डोनाल्ड मरे शिकवत होते. ते मुळात वृत्तपत्रातले. अग्रलेखांसाठी त्यांना १९५४ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. पहिला खर्डा हा फक्त खर्डाच असतो, हे वृत्तपत्रात काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मरे विद्यार्थ्यांना एकेकटं भेटत आणि भेटीत आधी विद्यार्थ्याला बोलू देत. त्यांचे सहकारी डोनाल्ड ग्रेव्हज यांनी १९७८ ते १९८० या काळात अ‍ॅटकिन्सन या छोट्या गावातल्या प्राथमिक शाळेत मुक्काम ठोकला. ते आणि त्यांच्या सहकारी मुलांच्या बाकाशेजारी बसून मूल काय लिहितं, कुठे अडतं, काय खोडतं हे टिपत राहिले. त्यावर आधारलेलं ग्रेव्हज यांचं पुस्तक १९८३ साली आलं आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या बऱ्याच शाळांनी ते उचलून धरलं.

पद्धत थोडक्यात अशी. मूल विषयावर आधी विचार करतं, बोलतं, दोन-चार गोष्टी टिपतं. मग कच्चा खर्डा लिहितं. त्यात खाडाखोड चालते आणि शुद्धलेखन अडवत नाही. मग शिक्षकाशी चार-पाच मिनिटं समोरासमोर बोलणं होतं. याला इंग्रजीत कॉन्फरन्स म्हणतात, पण स्वरूप बाकावर शेजारी बसून केलेल्या गप्पांचं असतं. त्यानंतर मूल मजकुरात बदल करतं, म्हणजे काढतं, घालतं, क्रम फिरवतं. सगळ्यात शेवटी ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, वाक्यरचना. मग पक्की प्रत आणि गुण. या सगळ्यात बोलण्याची चार मिनिटं निर्णायक असतात, म्हणून तिथेच जरा थांबू.

जत्रेचा निबंध

समजा, आठवीच्या वर्गात ‘मी पाहिलेली जत्रा’ हा विषय दिला आहे आणि एका मुलीने हा खर्डा लिहिला आहे:

‘भारत हा सणांचा व उत्सवांचा देश आहे. आमच्या गावात दरवर्षी भैरवनाथाची जत्रा भरते. जत्रेत खुप दुकाने असतात. पाळणे असतात. सगळीकडे आनंदीआनंद असतो. आम्ही खुप मजा केली. या वर्षी मामाचे बांगड्यांचे दुकान होते तिथे मी बसले होते. नंतर आम्ही घरी आलो. अशी ही जत्रा मला खुप आवडते.’

शेवटी तपासायच्या रीतीने या निबंधाचं काय होईल, ते सांगता येतं. तीन ठिकाणी ‘खुप’चा ‘खूप’ होईल, खाली ‘वर्णन वाढवा’ असं येईल आणि दहापैकी पाच-साडेपाच गुण पडतील. पुढच्या खेपेला मुलगी ‘खूप’ कदाचित दीर्घ लिहील. वर्णन वाढवायला ती गाइडमधलं एखादं वाक्य पाठ करील, कारण वर्णन म्हणजे काय याचा नमुना तिला तिथेच मिळतो.

आता हाच खर्डा घेऊन ती बाईंशेजारी बसली आहे असं धरू. बाई वही हातात घेत नाहीत. तिलाच वाचायला सांगतात. वाचून झाल्यावर विचारतात, “यातलं तुला सगळ्यात जास्त काय आठवतंय?”

“पाळणे, बाई.”

“बसलीस का पाळण्यात?”

“नाही. मी दुकानातच होते ना, दुपारपासून.”

“दुकानात तुझं काम काय होतं?”

“बायकांचे हात बघून माप सांगायचं. दोन-चार, दोन-सहा. मामा बांगड्या भरायचा. मी डबा काढून द्यायची.”

“हात बघून माप कळतं?”

“आधी नाही कळलं. दोन-चारच्या तीन फुटल्या एका काकूंच्या हातात. मग मामा म्हणाला, मनगट नको बघू, अंगठ्याखालचं हाड बघ.”

“फुटलेल्या बांगड्यांचे पैसे कोण देतं?”

“कोणीच नाही. मामाचेच जातात. म्हणून तर तो चिडला होता.”

“हे तू लिहिलंयस का?”

“नाही... हे लिहायचं असतं?”

बाई एवढंच म्हणतात, “हे वाचायला मला आवडेल. आधी काय येईल, ते तू ठरव.”

या संभाषणात बाईंनी एकही वाक्य सुचवलेलं नाही. सगळे प्रश्न मजकुरातल्या एका ओळीकडे जात होते. ती ओळ खर्ड्यातच होती, ‘मजा केली’ आणि ‘घरी आलो’ यांच्यामध्ये दबलेली. बाकीची वाक्यं कुठल्याही मुलाने कुठल्याही जत्रेबद्दल लिहिली असती. दुकानाची ओळ हिचीच होती. अनुभवी शिक्षक खर्डा ऐकताना अशी ओळ हेरत असतो.

दुसरा खर्डा असा येऊ शकतो:

‘या वर्षी मी जत्रा बघितली ती मामाच्या बांगड्यांच्या दुकानात बसून. पाळण्यांचा नुसता आवाज येत होता. माझे काम होते हात बघून माप सांगायचे. पहिल्याच काकूंना मी दोन-चार सांगितले आणी तीन बांगड्या फुटल्या. फुटलेल्या बांगडीचे पैसे गिर्‍हाईक देत नाही, ते मामाचे जातात. मामा म्हणाला, मनगट बघु नको, अंगठ्याखालचे हाड बघ. संध्याकाळपर्यंत माझी एकच बांगडी फुटली.’

हा काही पुरस्काराचा निबंध नाही. ‘आणी’ आणि ‘बघु’ चुकलेले आहेत. शेवट अजून व्हायचा आहे. पण ‘वर्णन वाढवा’ या शेऱ्याने जे झालं नसतं ते झालं आहे: आवाज आला, काम आलं, नुकसान आलं आणि दुपार ते संध्याकाळ एक गोष्ट पुढे सरकली. आणखी एक बाब लक्षात घ्यायला हवी. पहिल्या खर्ड्यातली ‘खुप’ असलेली तिन्ही वाक्यं दुसऱ्यात नाहीतच. तिथे लाल शाई वापरली असती तर ती टाकून द्यायच्या वाक्यांवर खर्च झाली असती. शुद्धलेखन शेवटी ठेवण्याचं कारण इतकं व्यवहारी आहे. ‘आणी’ आणि ‘बघु’ मात्र आता उरणाऱ्या वाक्यांत आहेत, तेव्हा पुढच्या फेरीत बाई त्या दोन शब्दांचा नियम समजावून सांगतील आणि तसे शब्द तिलाच शोधायला लावतील.

कुठे बिघडतं

पद्धत कागदावर सोपी आहे आणि बिघडतेही सहज. सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे दुसरा खर्डा ही पहिल्याची स्वच्छ नक्कल असणं. सॉमर्स यांनी १९८० साली २० विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक यांची तुलना केली होती. फेरलेखन म्हणजे काय, तर विद्यार्थ्यांच्या लेखी शब्द बदलणं: इथला शब्द बरा नाही, दुसरा घाला. अनुभवी लेखक मात्र आधी आपल्या म्हणण्याचा आकार शोधत होते, वाचकाच्या नजरेने बघत होते आणि त्यासाठी परिच्छेदच्या परिच्छेद हलवत होते. तेव्हा ‘पुन्हा लिहून आण’ एवढंच सांगितलं तर मूल सुंदर अक्षरात तोच निबंध आणणार. हे ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही खर्डे शेजारी ठेवायचे आणि कोणतं वाक्य गेलं, कोणतं नवं आलं, कोणतं जागेवरून हललं ते बघायचं. तिन्हींचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर फेरलेखन झालेलंच नाही.

दुसरा बिघाड बोलण्यात होतो. वरच्या प्रसंगात बाई म्हणाल्या असत्या, “बांगड्यांच्या रंगांचं वर्णन घाल, एखादी म्हण टाक आणि शेवटी आपल्या संस्कृतीचं महत्त्व सांग,” तर मुलीने तिन्ही गोष्टी मुकाट्याने घातल्या असत्या. निबंध लांब झाला असता, पण तो बाईंचा झाला असता. पुढच्या निबंधाला ती पुन्हा विचारायला आली असती, “बाई, आता काय घालू?” खर्डा लेखकाच्या हातून शिक्षकाच्या हातात गेल्याची ही खूण. त्या चार मिनिटांत जास्त कोण बोललं, हेही बघण्यासारखं असतं.

तिसरा बिघाड गुणांचा. कच्च्या खर्ड्यावरच गुण दिले की काम संपल्याचा निरोप जातो. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. ते काम निबंधाचं नव्हतं, पण निष्कर्ष निबंधाच्या वहीला लागू पडावा असा आहे. नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि रस टिकला, वाढला. शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. म्हणून या पद्धतीत गुण असतात, पण ते पक्क्या प्रतीलाच.

चौथा बिघाड पद्धतीचंच कर्मकांड होण्याचा. सोमवारी विचार, मंगळवारी खर्डा, बुधवारी चर्चा, गुरुवारी फेरलेखन, शुक्रवारी पक्की प्रत, असा तक्ता भिंतीवर लागतो आणि सगळ्या वर्गाला एकाच चालीने चालावं लागतं. एमिग यांच्या आठ मुलांनी जे दाखवलं होतं ते नेमकं उलट होतं: लिहिणारा पुढे-मागे जात असतो. एखाद्या मुलाला खर्डा लिहिल्यावरच विषय सापडतो, त्याला पुन्हा ‘सोमवारी’ जाता आलं पाहिजे.

पुरावा किती?

या पद्धतीचे समर्थक तिच्याबद्दल जितकं बोलतात, तितका तिचा पुरावा भक्कम नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या वर्गांतले अनेक प्रयोग एकत्र करून कोणत्या उपायाने लेखन किती सुधारतं ते मोजलं. टप्प्याटप्प्याच्या पद्धतीचा परिणाम ०.३२ निघाला, म्हणजे फायदा आहे, पण बेताचा. योजना कशी करायची, फेरलेखन कसं करायचं, याच्या पायऱ्या शिक्षकाने करून दाखवून शिकवल्या तर तोच आकडा ०.८२ होता. शिवाय, शिक्षकांना पद्धतीचं प्रशिक्षण मिळालं होतं तिथे फायदा दिसला. नव्हतं तिथे जवळजवळ काहीच नाही. जॉर्ज हिलॉक्स यांनी १९८६ सालीच असा इशारा दिला होता की मुलांना मोकळं सोडून ‘लिहा, बोला, पुन्हा लिहा’ एवढंच केलं तर फळ थोडं मिळतं. नेमकं काम आणि नेमके निकष दिले तर जास्त.

त्याचा अर्थ असा की जत्रेचा निबंध लिहिणाऱ्या मुलीला प्रश्न विचारणं पुरेसं नाही. पुढच्या वेळी ते प्रश्न तिने स्वतःला विचारले पाहिजेत. त्यासाठी बाईंना एकदा फळ्यावर स्वतःचा खर्डा लिहून वर्गासमोर तो मोडावा लागेल: हे वाक्य कोणीही लिहिलं असतं, पुसते, हे फक्त मीच लिहू शकते, ठेवते, इथे वाचणारा विचारील ‘मग काय झालं?’, इथे वाढवते. मग हे तीन प्रश्न भिंतीवर लावता येतात आणि मुलं जोडीजोडीने एकमेकांच्या खर्ड्यावर वापरू शकतात.

आणखी एक आक्षेप लिसा डेलपिट यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूने घेतला. ज्यांच्या घरी प्रमाण भाषा बोलली जाते त्या मुलांना तिचे नियम न शिकवता येतात. बाकीच्यांना ‘तुझ्या आवाजात लिही’ एवढंच सांगून सोडून दिलं, तर परीक्षेत आणि नोकरीत ज्या नियमांवर पारख होते ते नियम त्यांच्यापासून लपूनच राहतात. आपल्याकडे अहिराणी, वऱ्हाडी किंवा गोंडी घरातून आलेल्या मुलांना हेच लागू आहे. शुद्धलेखन शेवटच्या टप्प्यावर ढकललं म्हणजे ते वगळलं असं नाही. तो टप्पा स्पष्ट नियम सांगून पुरा करावाच लागतो.

चोपन्न मुलांचा वर्ग

“हे सगळं पंचवीस मुलांच्या वर्गात ठीक आहे,” असं आपल्याकडचे शिक्षक म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. तेव्हा हिशोब करूनच बघू. वर्गात ५४ मुलं, वर्षाला आठ निबंध, प्रत्येकाला तपासायला पाच मिनिटं. एकूण ३६ तास लाल शाई. निबंध आठाऐवजी तीन घेतले आणि पक्क्या प्रती त्याच वेगाने तपासल्या तर साडेतेरा तास लागतात. प्रत्येक निबंधाच्या वेळी प्रत्येक मुलाशी चार मिनिटं बोलायचं ठरवलं तर आणखी सुमारे अकरा तास. बेरीज केली तरी आधीपेक्षा कमीच भरते.

अडचण तासांच्या बेरजेत नाही, ते कुठले तास यात आहे. तपासणी घरी होते, बोलणं वर्गातच करावं लागतं. एका निबंधाला सगळ्या ५४ मुलांशी बोलायचं तर २१६ मिनिटं हवीत. ३५ मिनिटांच्या तासिका धरल्या तर सहाहून जास्त तासिका. हे कोणालाच परवडणार नाही. पण दर निबंधाला वर्गाच्या एक तृतीयांश मुलांशी, म्हणजे १८ जणांशी बोललं तर ७२ मिनिटं लागतात, दोन तासिकांहून थोडी जास्त. तोवर बाकीची मुलं लिहीत असतात किंवा जोडीदाराला खर्डा वाचून दाखवत असतात. तीन निबंधांत प्रत्येक मुलाची एक पाळी येते. वर्षातून एकदा चार मिनिटं हे कमीच आहे. पण शेजारी बसून आपलं लिहिणं कोणी ऐकलंय, असा अनुभव बऱ्याच मुलांना दहावी होईपर्यंत एकदाही येत नाही.

दहावीच्या परीक्षेत मात्र एकच खर्डा असतो आणि घड्याळ समोर. तिथे शेवटची प्रतच तपासली जाणार आणि तसंच व्हायला हवं. परीक्षेचं काम शिकवणं नाही, मोजणं आहे. चूक होते ती वर्षभराच्या वहीतही परीक्षकासारखंच वागण्यात. परीक्षेच्या तयारीसाठी शेवटच्या दोन महिन्यांत हीच पद्धत आवळून वापरता येते: पाच मिनिटं टिपणं, मग लेखन, शेवटी पाच मिनिटं स्वतःला तेच तीन प्रश्न. त्या पाच मिनिटांत परिच्छेद हलवता येत नाही, पण ‘भारत हा सणांचा देश आहे’ ही ओळ खोडता येते.

पालकांच्या बाजूनेही एक गोष्ट बदलावी लागेल. खाडाखोड केलेली, बाण काढलेली, अर्धा परिच्छेद फुली मारून काढलेला अशी वही घरी आली की ती गबाळी वाटते आणि आठाऐवजी तीनच निबंध बघून शाळा काही शिकवत नाही असं वाटतं. अशा वेळी गुण विचारण्याआधी दोन्ही खर्डे मागून घ्यावेत आणि मुलाला विचारावं, यातलं काय काढलंस आणि का. त्याला कारण सांगता आलं, मग ते कितीही साधं असो, तर निबंध त्याने लिहिला आहे. ‘बाईंनी सांगितलं म्हणून’ असं उत्तर आलं, तर शाळेत जाऊन बोलायचा विषय तो आहे. साडेसहा गुण नव्हेत.